शालेय संघातली दादागिरी आणि ‘सरांचे लाडके’: संघाचा करार कसा लिहावा आणि प्रशिक्षकाने तो कसा पाळावा

शाळेच्या संघात एखाद्या मुलीला त्रास होतोय असं कळलं की आपण पहिल्यांदा त्रास देणाऱ्या दोघी-तिघींकडे बघतो. माझं मत असं आहे की प्रशिक्षकाने त्याआधी स्वतःच्या सरावाकडे बघावं. संघात कोणाची पायरी कुठली, हे मुलांना सांगावं लागत नाही. सर कोणाला नावाने हाक मारतात, कोणाचं उशिरा येणं चालवून घेतात, जाळी रोज कोणाला उचलायला लावतात, यावरून ती पायरी आपोआप ठरते. मग वरच्या पायरीवरची मुलं खालच्यांना तिची जाणीव करून देऊ लागतात. म्हणून पक्षपात आणि दादागिरी हे दोन वेगळे प्रश्न मानून दोन वेगळे नियम केले, तर दोन्ही फसतात. दोन्हींसाठी एकच लेखी करार हवा, ज्यावर मुलीही सही करतात आणि प्रशिक्षकही.

पुढची सगळी मांडणी एकाच संघावर करतो, म्हणजे पायऱ्या नीट दिसतील. समजा, चौदा वर्षांखालील मुलींचा व्हॉलीबॉल संघ आहे, बारा जणींचा. जर्सी क्रमांक ७ ही संघातली सर्वात जोरदार स्मॅशर. क्रमांक ११ यंदाच संघात आली आहे, तिची सर्व्हिस अजून कच्ची आहे. प्रशिक्षक मनापासून शिकवणारे आहेत आणि आपण सगळ्यांशी सारखं वागतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

आधी एक आठवडा फक्त नोंद

ही समजूत बहुतेक वेळा चुकीची निघते, आणि त्यात प्रशिक्षकाच्या हेतूचा दोष नसतो. वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७०च्या दशकात मुलांच्या संघांचे प्रशिक्षक मैदानावर काय करतात हे निरीक्षक बसवून मोजलं. कधी शाबासकी देतात, कधी चूक सुधारून सांगतात, कधी ओरडतात, कधी काहीच बोलत नाहीत, अशा प्रकारांत प्रत्येक कृती नोंदवली गेली. प्रशिक्षकांना आपल्या वागण्याबद्दल जे वाटत होतं, ते या नोंदींशी फारसं जुळलं नाही. मुलांनी केलेलं वर्णन मात्र त्यापेक्षा बरंच जवळचं होतं. म्हणजे आपण कसे वागतो हे आपल्यापेक्षा आपल्या संघाला जास्त ठाऊक असतं.

तेव्हा करार लिहायच्या आधी एक आठवडा मोजून घ्या. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला किंवा जखमी असल्यामुळे बाहेर बसलेल्या वरच्या वर्गातल्या खेळाडूला कागद द्या. डावीकडे बारा जर्सी क्रमांक आणि पुढे चार रकाने: शाबासकी, चूक सुधारणारी सूचना, रागावणं किंवा टोमणा, आणि चूक होऊनही काही न बोलणं. प्रत्येक वेळी एक रेघ ओढायची. मोजणाऱ्याने मत द्यायचं नाही, फक्त रेघा. याच कागदाच्या मागे तीन साध्या गोष्टी लिहायच्या: जाळी आणि चेंडू कोणी उचलले, प्रात्यक्षिक दाखवायला कोणाला पुढे बोलावलं, आणि उशिरा कोण आलं व त्यावर काय झालं.

आपल्या संघात नव्वद मिनिटांच्या एका सरावात क्रमांक ७ समोर चौदा रेघा दिसल्या: नऊ शाबासकीच्या, पाच सूचनांच्या. क्रमांक ११ समोर चार: तीन रागावण्याच्या आणि एक काहीच न बोलल्याची. आठवड्याच्या चारही सरावांत जाळी ९, ११ आणि १२ यांनीच बांधली. क्रमांक ७ दोनदा उशिरा आली, कोणी काही म्हणालं नाही. ११ एकदा उशिरा आली तेव्हा तिला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या.

यातला सर्वात महत्त्वाचा रकाना सूचनांचा आहे, आणि तिथेच नजर घसरते. शाबासकी कमी-जास्त होणारच, कारण चांगले फटके काही जणीच मारतात. पण ११ ला आठवडाभरात एकही सूचना मिळाली नसेल, तर ती शिकतच नाहीये. ती शिकत नाही म्हणून चुका होतात, चुका होतात म्हणून तिच्यावर ओरडलं जातं, आणि संघ हे सगळं बघत असतो. लाडकेपणाची ही खरी किंमत आहे. ज्यांच्याकडून अपेक्षा नसते त्यांना शिकवणंच थांबतं.

जाता जाता एक गोष्ट. या वयोगटात ज्यांना आपण गुणी समजतो, त्यांतल्या बऱ्याच जणी फक्त वयाने सात-आठ महिने मोठ्या असतात. वयोगटाच्या वर्षात सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं निवडक संघांत जास्त दिसतात, हे हॉकी आणि फुटबॉलसारख्या खेळांत १९८०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा आढळलं आहे. तुमच्या यादीसमोर जन्ममहिने लिहून पाहा. पहिल्या सहाजणी बहुतेक वयोगटाच्या वर्षातल्या पहिल्या चार महिन्यांतल्या निघाल्या, तर ‘तिच्यात दम नाही’ हे वाक्य जरा थांबवून ठेवा.

खेळवण्याचा हिशोब आधी मांडा

‘सगळ्यांना संधी मिळेल’ हे वाक्य करारात लिहू नका. पहिल्या अटीतटीच्या सामन्यात ते मोडतं, आणि मग करारातल्या बाकीच्या ओळीही मुलं गंभीरपणे घेत नाहीत. पाळता येईल असा आकडा हवा, आणि तो काढायला दहा मिनिटं पुरतात.

आपल्या संघाचे साखळी फेरीत दोन सामने आहेत, दोन्ही तीनपैकी दोन सेटचे. म्हणजे कमीत कमी चार सेट नक्की. प्रत्येक सेटमध्ये सहा जागा, एकूण चोवीस. आता बाकावरच्या सहाजणींना प्रत्येकी एक पूर्ण सेट दिला तर सहा जागा गेल्या, उरल्या अठरा. त्या पहिल्या सहाजणींत वाटल्या तर प्रत्येकीला तीन सेट मिळतात. म्हणजे नेहमीच्या खेळाडूला दोन सामने मिळून फक्त एक सेट बाहेर बसावं लागतं, आणि कोणत्याही सेटमध्ये एक किंवा दोन जणीच नव्या असतात. संघ अजिबात कोसळत नाही. सेटच्या मधल्या वेळेत संघरचना बदलली तर ती बदलीत मोजली जात नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांतली सेटमागे सहा बदल्यांची मर्यादाही आड येत नाही. अर्थात तुमच्या स्पर्धेची नियमपत्रिका आधी वाचा, शालेय स्पर्धांत फरक असू शकतो.

बाद फेरीचा नियम वेगळा ठेवायला हरकत नाही, पण तो आधी सांगितलेला असावा. आपल्या संघाचा नियम असा झाला: साखळी फेरीत दोन सामन्यांत मिळून प्रत्येकीला किमान एक पूर्ण सेट; बाद फेरीत निवड प्रशिक्षकाची, तीन गोष्टींवर: सरावाची हजेरी, त्या आठवड्यातली सर्व्हिस आणि रिसीव्हची नोंद, आणि कराराचं पालन. कोणीही येऊन ‘मी का नाही?’ विचारलं तर प्रशिक्षकाने या तिन्हींतलं नेमकं काय कमी पडलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत काय करायचं, एवढं सांगायचं. ‘अजून मेहनत घे’ हे उत्तर चालत नाही, त्यातून मुलीला काहीच कळत नाही.

प्रशिक्षकाचा स्वतःचा मुलगा किंवा मुलगी संघात असेल, तर तिच्या निवडीचा आणि कर्णधारपदाचा निर्णय दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावा, आणि हे हंगामाच्या सुरुवातीलाच जाहीर करावं. नाहीतर लाड झाला नाही तरी लाडाचा संशय राहतो, आणि काही पालक उलट टोक गाठून स्वतःच्याच मुलीला जास्त कठोर वागवतात, तेही अन्यायाचंच.

करार मुलींकडून काढून घ्या, पण भाषा नेमकी ठेवा

करारासाठी हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात एक पाऊण तास राखून ठेवा. पहिली दहा मिनिटं प्रत्येकीला एक चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही. दोन प्रश्न: ‘या किंवा आधीच्या एखाद्या संघात कोणत्या गोष्टीमुळे सरावाला येऊ नये असं वाटलं?’ आणि ‘सरांनी किंवा मॅडमनी काय केलेलं आवडलं नाही?’ अक्षर ओळखू येण्याची भीती असेल तर चिठ्ठ्या दुसऱ्या शिक्षकाने वाचून फळ्यावर उतरवाव्यात. दुसरा प्रश्न वगळू नका. तो विचारला की करार दोन्ही बाजूंचा आहे हे मुलींना त्याच क्षणी कळतं.

चिठ्ठ्यांत बहुतेक वेळा मोठे मोठे शब्द येतात: आदर, एकी, प्रेमाने वागणं. पुढची वीस मिनिटं त्यांचं डोळ्यांना दिसेल अशा वागण्यात रूपांतर करण्यात जातात, आणि करार टिकतो तो याच वीस मिनिटांवर. ‘आदराने वागू’ असं कोणी म्हटलं की विचारायचं, एखादीने सर्व्हिस जाळ्यात मारली तर आदर म्हणजे नेमकं काय दिसेल? तेव्हा उत्तर येतं: डोळे फिरवायचे नाहीत, हसायचं नाही, ‘पुढचा’ म्हणायचं. हे लिहिता येतं आणि मोडलं तर दाखवताही येतं.

कलमं सात-आठच्या वर नकोत. आपल्या संघाच्या करारातली मुलींची कलमं अशी झाली:

चूक झाली की ‘पुढचा’ एवढंच म्हणायचं. जे टोपणनाव त्या मुलीला आवडत नाही ते वापरायचं नाही, एकदा तिने सांगितलं की विषय संपला. संघाचा ग्रुप एकच, त्यात सगळ्याजणी आणि एक शिक्षक. संघातल्या कोणाला वगळून संघाच्या नावाने दुसरा ग्रुप नाही. कोणाचा फोटो किंवा व्हिडिओ तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, आणि कपडे बदलण्याच्या खोलीत फोन बाहेरच काढायचा नाही. कोणाच्या वस्तू लपवायच्या नाहीत, ‘गंमत’ म्हणूनसुद्धा. कोणाला त्रास होताना दिसला तर ‘ए, सोड ना’ एवढं म्हणायचं किंवा त्या मुलीला हाक मारून आपल्याबरोबर घेऊन जायचं. दोन्ही शक्य नसेल तर त्याच दिवशी शिक्षकांना सांगायचं.

हे शेवटचं कलम मी कोणत्याही संघात सोडणार नाही. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात दिसलं होतं की बघणाऱ्यांपैकी एखाद्या मुलाने मध्ये पडून काही म्हटलं, तर निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. मुलं सहसा मध्ये पडत नाहीत, कारण काय म्हणावं ते सुचत नाही आणि आपल्यावर उलटेल अशी भीती वाटते. म्हणून शब्द आधीच ठरवून ठेवायचे, आणि ज्या मुलीला धड बोलता येणार नाही तिच्यासाठी ‘हाक मारून घेऊन जाणं’ हा सोपा मार्ग द्यायचा.

आता प्रशिक्षकाची कलमं. ती त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरांत हवीत. मी उशिरा येण्याचा नियम सगळ्यांना सारखाच लावेन. प्रत्येक सरावात प्रत्येकीला नावाने किमान एक तांत्रिक सूचना देईन. कोणाच्या शरीरावरून, घरावरून, अभ्यासावरून बोलणार नाही. एकीच्या चुकीसाठी सगळ्या संघाला शिक्षा देणार नाही. सामन्यात न खेळवण्याचं कारण विचारलं तर दोन दिवसांत एकांतात, पण इतरांच्या नजरेसमोर राहील अशा जागी बसून सांगेन.

शेवटी सगळ्यांच्या सह्या, प्रशिक्षकाची पहिली. प्रत मुख्याध्यापकांकडे आणि प्रत्येक घरी.

तीन जुन्या सवयी ताबडतोब बंद करा

करार झाल्यावरही तो आतून पोखरणाऱ्या तीन सवयी बहुतेक संघांत राहतात, आणि त्या तिन्ही प्रशिक्षकाच्या हातच्या आहेत.

पहिली, सामूहिक शिक्षा. ‘अकरा नंबर उशिरा आली, आता सगळ्यांनी पाच फेऱ्या मारा’ असं म्हटलं की प्रशिक्षकाला वाटतं संघभावना तयार होतेय. प्रत्यक्षात त्या पाच फेऱ्यांत बाकीच्या अकराजणी एकाच मुलीवर चिडत असतात, आणि हा राग काढायला सरांनीच परवानगी दिली आहे असा अर्थ त्या घेतात. पुढचं सगळं कपडे बदलण्याच्या खोलीत घडतं. मी बंद करायची एकच गोष्ट निवडायला सांगितली तर ही निवडेन. उशिरा आलेलीने उशिराचं काम करावं, उदाहरणार्थ शेवटी चेंडू मोजून ठेवणं. फेऱ्या मारायच्या असतील तर त्या व्यायाम म्हणून मारा. धावणं शिक्षा म्हणून वापरलं की मुली धावण्याचाच तिटकारा करू लागतात.

दुसरी, दोन कर्णधारांना पुढे उभं करून आळीपाळीने खेळाडू निवडायला लावणं. शेवटी उरणारी मुलगी रोज तीच असते, आणि ती का उरली हे सगळ्यांसमोर ठरतं. सरावाच्या जोड्या आणि संघ प्रशिक्षकाने आधीच कागदावर लिहून आणावेत. दर आठवड्याला जोड्या बदलाव्यात, आणि ७ व ११ महिन्यातून एकदा तरी एकत्र असाव्यात.

तिसरी, कामं नव्यांच्या गळ्यात मारणं. ‘आम्हीही पहिल्या वर्षी जाळी उचलली’ ही परंपरा निरुपद्रवी दिसते. पण ती खालच्या पायरीवर शिक्का मारते, आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणायला लावणं, दप्तर उचलायला लावणं, मग दमदाटी, असा तिचा चढ असतो. बारा जणींचे तिघी-तिघींचे चार गट करा, प्रत्येक गटात जुन्या-नव्या मिसळून. जाळी, चेंडू, पाणी आणि खोली झाडणं ही चार कामं दर आठवड्याला फिरवा. पहिला आठवडा कर्णधाराच्या गटाकडे जाळी द्या. यादी भिंतीवर लावा, म्हणजे रोज सांगावं लागणार नाही आणि अपवादही लपणार नाही.

चुकीनंतर काय, हे आधी ठरलेलं असावं

पायऱ्या तीनच ठेवा. पहिल्या वेळी प्रशिक्षक तिथेच थांबवतो, कोणतं कलम मोडलं ते सांगतो आणि नुकसान भरून घेतो: लपवलेली वस्तू परत, टाकलेला व्हिडिओ काढून. नंतर वहीत एक ओळ. दुसऱ्या वेळी पालकांना फोन आणि पुढच्या सामन्यात सुरुवातीच्या सहाजणींत जागा नाही. तिसऱ्या वेळी पुढचा सामना पूर्ण बाहेर, मग तो कोणताही असो, आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवणं. मारहाण, लैंगिक स्वरूपाचं काहीही, धमकी, कपडे बदलतानाचे फोटो, किंवा नव्या मुलीला ‘संघात घेण्यासाठी’ करायला लावलेले प्रकार यांना या पायऱ्या लागू नाहीत. ते थेट त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे जातात. प्रशिक्षकाने स्वतः चौकशी करत बसू नये, पुरावे पुसले जातात आणि मुलीला तीच गोष्ट चार वेळा सांगावी लागते.

प्रत्येक भांडण म्हणजे दादागिरी नव्हे, हेही लक्षात ठेवावं. या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी तीन खुणा सांगितल्या: इजा करण्याचा हेतू, वारंवारता, आणि ताकदीतला फरक. संघात ताकद म्हणजे उंची-वजन एवढंच नसतं. जागेची खात्री, मैत्रिणींचा गट आणि सरांची मर्जी हीसुद्धा ताकदच. दोघी बरोबरीच्या मुली चेंडूवरून भांडल्या, तर दोघींना समोरासमोर बसवून मिटवता येतं. पण ताकदीत फरक असेल तर समोरासमोर बसवू नका आणि सगळ्यांसमोर हात मिळवायला तर मुळीच लावू नका. त्रास झालेली मुलगी तिथे ‘काही नाही सर, गंमत होती’ असंच म्हणेल, आणि बाहेर पडल्यावर तिला त्याचीही किंमत मोजावी लागेल.

कसोटीचा आठवडा

आता आपल्या संघात काय होतं ते पाहू. कराराला दीड महिना झाला आहे. क्रमांक ७ च्या नावावर दोन नोंदी आहेत: एकदा ११ चे बूट लपवले, एकदा नको असलेलं टोपणनाव वापरत राहिली. दुसऱ्या नोंदीनंतर घरी फोन झाला होता. उपांत्य सामना चार दिवसांवर असताना कळतं की ७ ने ११ ला वगळून संघाच्या नावाने दुसरा ग्रुप केला आहे, आणि त्यात ११ चा रिसीव्ह चुकून चेंडू तोंडावर आदळल्याचा व्हिडिओ टाकला आहे.

प्रशिक्षकाने पहिल्यांदा ११ शी बोलावं, एकटीशी, पाच-सात मिनिटं. विचारायचं ते असं: काय झालं, किती दिवसांपासून, कोण कोण होतं, आणि आता तुला कशाची भीती वाटते? ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न नको. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, ते पाळता येणार नाही. त्याऐवजी ‘कोणाला सांगायचं ते आधी तुला सांगेन’ असं म्हणा, आणि तसं करा.

मग ७ शी, वेगळं. तिच्याशी वाद घालायचा नाही. ‘व्हिडिओ आणि ग्रुप मी पाहिला आहे. करारातली दोन कलमं मोडली आहेत. ही तिसरी वेळ आहे, म्हणून उपांत्य सामना तू खेळणार नाहीस. व्हिडिओ आज काढायचा आणि ग्रुप आज बंद. सरावाला यायचं, सामन्याला गणवेशात बाकावर बसायचं.’ एवढंच. ती रडेल, ‘सगळ्याच हसल्या होत्या’ म्हणेल. ते खरंही असेल, आणि ज्यांनी हसण्याची चिन्हं टाकली त्यांची पहिली नोंद होईल, हे तिला सांगा. त्यानंतर आणखी एक वाक्य जरूर म्हणा: ‘पुढच्या सामन्यापासून तुझी जागा तुझ्या खेळावर ठरेल.’ तिला परत येण्याचा रस्ता दिसला नाही, तर तिचा सगळा राग ११ वर जाईल.

त्याच संध्याकाळी दोन्ही घरी फोन, आणि मुख्याध्यापकांना आधी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पालकांचा दबाव प्रशिक्षकापर्यंत मुख्याध्यापकांच्या मार्फतच येतो. आधी कळलेला आणि सह्यांचा कागद हातात असलेला मुख्याध्यापक सहसा पाठीशी उभा राहतो. पालक ‘एवढ्याशा गोष्टीसाठी मुलीचं नुकसान’ म्हणतील. करार दाखवा, तारखांसह तिन्ही नोंदी दाखवा, दुसऱ्या मुलीबद्दल एक शब्दही बोलू नका.

संघाला दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत सांगा: करार मोडला गेला, ठरल्याप्रमाणे परिणाम झाला, निर्णय माझा आहे, आणि याबद्दल कोणी संघातल्या कोणाला बोललं तर तेही करार मोडणंच आहे. ‘निर्णय माझा’ हे शब्द मुद्दाम आहेत. सामना हरला तर खापर ११ वर फुटणार, हे जवळजवळ ठरलेलं असतं, आणि ते अडवायची जागा हीच.

पुढचे पंधरा दिवस खरी राखण लागते. सामन्याआधी आणि नंतर कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर दोन मोठी माणसं उभी हवीत, आत नाही, पण आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर. प्रवासात बसण्याची जागा प्रशिक्षकाने ठरवावी. ११ ला दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी एकटीला विचारावं. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं. ‘काल बसमध्ये तुझ्या शेजारी कोण होतं? सरावानंतर घरी कोणाबरोबर गेलीस?’ असं विचारलं तर खरं काय ते कळतं.

आणि हा सामना संघ हरू शकतो. ज्या प्रशिक्षकाला हे आधीच मान्य नसेल त्याने तिसरी पायरी करारात लिहू नये. लिहून ऐन वेळी मागे घेतलेला नियम हा नियम नसण्याहून वाईट, कारण मग बाराही जणींना कळतं की चांगली स्मॅश मारता आली की काहीही चालतं.

चालतंय की नाही, कसं ओळखावं

तक्रारी शून्य असणं ही चांगली खूण मानू नका. करार झाल्यानंतर पहिल्या महिन्यात तक्रारी थोड्या वाढल्या तर ते बरं लक्षण, मुलींना बोलल्याचा उपयोग होतो असं वाटू लागलं आहे. काळजीच्या खुणा वेगळ्या असतात. एखादी सरावाला येते पण बाहेरगावच्या सामन्याला नेमकी आजारी पडते. सगळ्यांच्या आधी कपडे बदलून येते किंवा सगळे गेल्यावर जाते. पोटदुखी, पायदुखी फक्त सरावाच्या दिवशी असते. वस्तू वारंवार हरवतात. प्रशिक्षक खोलीजवळ आला की हसणं एकदम थांबतं. यातली एक खूण दिसली तर लक्ष ठेवा, दोन एकत्र दिसल्या तर त्याच आठवड्यात तिच्याशी बोला.

दर तीन आठवड्यांनी बिननावाची चिठ्ठी घ्या, दोनच प्रश्नांची: ‘गेल्या तीन आठवड्यांत संघात कोणाला त्रास होताना पाहिलंत का, कुठे?’ आणि ‘नियम सगळ्यांना सारखे लावले गेले का?’ पहिल्या प्रश्नात ‘कोणी’ विचारू नका, ‘कुठे’ विचारा. नाव लिहायला मुली घाबरतात, जागा मात्र लिहितात. चार चिठ्ठ्यांवर ‘बसच्या मागच्या सीटवर’ आलं की पुढच्या प्रवासात शिक्षकाने कुठे बसायचं ते ठरलंच.

हंगामाच्या मध्यावर रेघांचा कागद पुन्हा भरून घ्या, आणि या वेळी कोणता सराव मोजला जाणार हे प्रशिक्षकाला आधी सांगू नका. आपल्या संघात दुसऱ्या मोजणीत ७ समोर दहा रेघा होत्या आणि ११ समोर आठ, त्यातल्या पाच सूचनांच्या. क्रमांक १२ समोर मात्र दोनच. ११ कडे लक्ष देता देता तिच्याकडचं लक्ष सुटलं होतं, आणि मोजलं नसतं तर ते कोणाच्याच ध्यानात आलं नसतं. पुढच्या सोमवारी प्रशिक्षकांनी सर्व्हिसचा पहिला गट १२ चा ठेवला आणि कागदावरच्या तिच्या नावाखाली लाल रेघ मारून ठेवली.